सरासरी ८४, तरी खालच्या छताला ओल: कंत्राटदाराला निष्कर्षपत्र कसं लिहावं

प्रश्न: "वसतिगृहातल्या १२ बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्सचं काम पूर्ण झाल्याचं कंत्राटदाराने कळवलंय. कराराला स्पेसिफिकेशन आणि २५ मुद्द्यांची तपासणी यादी जोडलेली आहे. आम्ही पाहणी करून प्रत्येक बरोबर मुद्द्याला ४ गुण दिले, सरासरी ८४ आली. सहकारी म्हणतात, ८० च्या वर म्हणजे पास. पण बाथरूम ७ आणि ९ च्या खालच्या छताला ओल आहे. कंत्राटदाराला पत्रात काय लिहायचं आणि कसं?"

उत्तर:

पत्र लिहायला बसण्याआधी ती बेरीज सोडवावी लागेल, कारण पत्राचं पहिलंच वाक्य तिच्यावर ठरणार आहे. बारा बाथरूमचे २५ मुद्दे म्हणजे ३०० नोंदी. सरासरी ८४ म्हणजे त्यातल्या २५२ बरोबर आणि ४८ चूक. गणित ठीक आहे, पण या ४८ मध्ये काय काय एकत्र पडलंय ते त्यातून कळत नाही. तुमची यादी माझ्यासमोर नाही, म्हणून पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतो. त्यांच्या जागी तुमच्या करारातले घाला.

समजा बाथरूम ३ मध्ये चार मुद्दे चुकलेत: एका सांध्यात ग्राउटची छटा वेगळी, दोन टाइल्सवर चिकटवणीचे डाग, टॉवेलच्या दांडीच्या एका स्क्रूची टोपी नाही, दारामागच्या टाइलचा कोपरा उडालेला. बाथरूम ७ मध्येही चारच चुकलेत: खालच्या छताला ओल, फरशीचा उतार कमी, दोन टाइल्सच्या कडा वरखाली, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सीलंट नाही. दोघांना गुण सारखेच, ८४. पहिलं बाथरूम उद्या वापरायला देता येईल. दुसऱ्याची फरशी उखडावी लागेल. गणितात नापास झालेल्याला चित्रकलेचे गुण देऊन वर ढकलतात, तसं हे चाललंय.

म्हणून मुद्द्यांचे तीन गट करा. पहिल्या गटात ज्यांच्याशिवाय काम त्याचं मूळ कामच करत नाही असे मुद्दे: गळती नसणं, जाळीकडे पुरेसा उतार, पाण्याचा निचरा. यांना गुण द्यायचेच नाहीत. होय किंवा नाही, आणि एक जरी 'नाही' आला तरी ते बाथरूम स्वीकारायचं नाही. दुसऱ्या गटात आज काम भागतं पण पुढे बिघडेल असे मुद्दे: पोकळ वाजणाऱ्या टाइल्स, वरखाली कडा, सुटलेलं सीलंट. तिसऱ्यात दिसण्याच्या उणिवा. तुमचे ४८ समजा असे पडले: पहिल्या गटात ४, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ३०. आता चित्र स्पष्ट होतं. सगळा प्रश्न त्या चार नोंदींत आहे आणि बाकीच्या ४४ नी त्या झाकून टाकल्या होत्या.

मात्र हे गट तुम्ही आज मनाने पाडू शकता का, हे करारावर अवलंबून आहे. करारात 'प्रत्येक कलम बंधनकारक' असं असेल तर अडचण नाही. गट फक्त कामाचा क्रम ठरवायला वापरा आणि गुण पत्रात आणूही नका. करारातच गुणपद्धत आणि ८० ची मर्यादा लिहिलेली असेल, तर ती तुम्हाला एकतर्फी बदलता येत नाही. अशा वेळी गुण जसे आले तसे लिहायचे आणि पुढच्याच वाक्यात सांगायचं की गळतीबाबतच्या कलमाची पूर्तता झालेली नाही आणि ती जबाबदारी गुणांमुळे संपत नाही. हा दावा किती टिकेल हे कराराच्या शब्दांवर ठरेल, तेव्हा तो भाग वकिलाला दाखवून घ्या. आणि करार गुणांबद्दल काहीच बोलत नसेल, तर ८० ही मर्यादा आली कुठून, हे आधी सहकाऱ्यांना विचारा. 'तुम्हाला ८० पेक्षा कमी गुण मिळाले म्हणून नाकारतो' असं पत्र पहिल्याच उत्तरात कोसळतं. 'कलम ४.३ पूर्ण झालेलं नाही' हे टिकतं.

आता त्या चार नोंदी. समजा त्या अशा आहेत: बाथरूम ७ मध्ये ओल आणि उतार, ५ मध्ये उतार, ९ मध्ये ओल. ओलीच्या दोन्ही नोंदी यादीत एकसारख्या दिसतात, पण पत्रात त्या एकसारख्या लिहिल्या तर तुम्ही फसाल. छताला ओल हे लक्षण आहे. त्यामागे निदान तीन कारणं असू शकतात: फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर, जाळीखालचा ट्रॅप आणि सांडपाण्याच्या पाइपचे सांधे, किंवा भिंतीतली पुरवठ्याची पाइप. तिसरं किंवा दुसरं कारण निघालं आणि ती पाइप या कंत्राटदाराच्या कामात नव्हतीच, तर तुमचं सगळं पत्र संशयाच्या भोवऱ्यात जातं, खऱ्या चुकांसकट.

वेगळं करायचा क्रम असा. आधी पुरवठ्याच्या पाइपला दाबमापक लावून दाबचाचणी घ्या, करारात दिलेल्या दाबाला आणि तेवढा वेळ. काटा उतरला तर गळती पाइपची आहे; ती दुरुस्त होईपर्यंत पुढची चाचणी घेण्यात अर्थ नाही. काटा स्थिर राहिला तर पुरवठा बंद करून पोंडिंग टेस्ट, म्हणजे पाणी भरून ठेवायची चाचणी. जाळी काढून आत फुगणारा टेस्ट प्लग बसवायचा आणि पाणी भरायचं. करारात ४८ तास असतील तर ४८ तास. फरशीच्या सर्वात उंच भागावर २५ मिमी पाणी हवं असेल तर जाळीपाशी ते आपोआप जास्त भरेल, कारण तिथे उतार आहे. एक काळजी घ्या: पाण्याची पातळी उंबऱ्यापाशी वॉटरप्रूफिंगचा थर जिथपर्यंत वर चढवलाय त्याच्या खालीच राहिली पाहिजे. वर गेली की पाणी थराच्या डोक्यावरून बाहेर पडतं आणि चांगलं काम नापास होतं.

या चाचणीत दोन गोष्टी हमखास फसवतात. एक म्हणजे बाष्पीभवन. दोन दिवसांत पाणी थोडं उडून जाणारच. म्हणून त्याच बाथरूममध्ये एक पसरट टब पाणी भरून ठेवायचा आणि दोन्हीकडे मोजपट्टी चिकटवायची. फरशीवरची पातळी ९ मिमी उतरली आणि टबातली २ मिमी, तर ७ मिमीचा फरक खरा. दुसरी गोष्ट म्हणजे प्लग. तो नीट फुगला नसेल तर पाणी गुपचूप पाइपमध्ये जातं, पातळी उतरते, पण खाली ओल वाढत नाही. त्यामुळे पातळी आणि खालचं छत दोन्ही पाहायचं. चाचणीआधी ओलीच्या डागाची कड पेन्सिलने आखून ठेवा आणि तारीख टाका. पातळी उतरली आणि डाग आखलेल्या रेषेबाहेर गेला, तर पाणी भरलेल्या भागातूनच गळतंय.

प्लग कुठे बसवला हेही नोंदवा. ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंगचा थर जिथे जुळतात त्या सांध्याच्या वर प्लग असेल तर तो सांधा तपासला गेलेलाच नाही. खाली असेल तर तपासला गेला. गळती या सांध्यातून होण्याचं प्रमाण मोठं, आणि चाचणीत नेमका तोच सुटतो. शेवटी प्लग काढून जाळीतून भरपूर पाणी सोडा आणि पुन्हा खालचा डाग पाहा.

समजा बाथरूम ७ मध्ये पाणी भरून ठेवल्यावर पातळी उतरली आणि डाग वाढला. बाथरूम ९ मध्ये प्लग सांध्याखाली असताना ४८ तास पातळी टबाइतकीच राहिली, डाग हलला नाही, पण जाळीतून पाणी सोडल्यावर तो वाढला. म्हणजे ७ मध्ये थर किंवा त्याचा ट्रॅपशी असलेला सांधा, आणि ९ मध्ये खालची सांडपाण्याची पाइप. आता करार उघडा: ती पाइप बदलणं त्याच्या कामात होतं का? असेल तर नोंद त्याच्या नावावर. नसेल, पण त्याच्याच तोडफोडीत सांधा हलल्याचा संशय असेल, तर तो संशय म्हणूनच लिहावा लागेल आणि जुनी पाइप उघडून संयुक्त पाहणी मागावी लागेल. तोवर बाथरूम ९ चा निर्णय 'राखून ठेवला' असा जातो. पास नाही, नापासही नाही.

उताराची नोंद त्या मानाने सोपी. स्पेसिफिकेशनमध्ये जाळीकडे किमान १:१०० असेल तर १२०० मिमी अंतरात १२ मिमी उतार हवा. सरळ पट्टीवर लेव्हल ठेवून बुडबुडा मधे आणा आणि खालच्या टोकाशी पट्टीखालची फट मोजा. ६ मिमी आली तर उतार १:२००. पण मोजण्याआधी लेव्हलच तपासा: पट्टी जागेवर ठेवून लेव्हल उलट टोकाने फिरवा. बुडबुडा आधी दाखवला तसाच दाखवायला हवा. नाही दाखवला तर लेव्हल बिघडलेली आहे, आणि कंत्राटदाराचा माणूस हे तुमच्यासमोरच करून दाखवेल. उताराला पूरक पुरावा म्हणून बादलीभर पाणी ओतून अर्ध्या तासाने साचलेल्या डबक्यांचा पट्टीसह फोटो घ्या. फक्त डबक्याच्या फोटोवर भागवू नका. 'पुसायचं राहिलं' हे उत्तर ठरलेलं असतं.

मर्यादेच्या अगदी काठावरच्या मापांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कडांतला फरक १ मिमीपेक्षा जास्त नसावा असं कलम असेल आणि फीलर गेजने १.१ मिमी आला, तर मी ती नोंद नापास करत नाही. तीन ठिकाणी मोजा. तिन्ही १ च्या वर आणि निदान एखादं स्पष्टपणे वर असेल तरच लिहा. मोजण्यातली चूकच त्या एक-दशांशाएवढी असू शकते. अशा एका नोंदीवर वाद घालताना २.२ मिमीची पक्की नोंदही वादात ओढली जाते. कडांबाबत आणखी एक तयारी ठेवा. 'टाइलच वाकडी आली' असं उत्तर येईल. उरलेल्या खोक्यातली न वापरलेली टाइल घेऊन तिच्यावर पट्टी ठेवून पाहा. टाइल खरंच वाकडी असेल तर प्रश्न ती कोणी पुरवली यावर जातो: तुम्ही दिली असेल तर दोष बसवण्याचा राहत नाही, त्याने आणली असेल तर वाकडी टाइल वापरली हीच नोंद.

पोकळ टाइल्स तपासताना चिकटवण पूर्ण सुकलेली असावी. लाकडी मुठीने प्रत्येक टाइल मधे आणि चारही कोपऱ्यांत ठोकून, पोकळ वाजेल तो भाग खडूने आखायचा. आखल्याशिवाय फोटोत काहीच दिसत नाही. आणि पोकळ टाइल हा गळतीचा पुरावा नव्हे. तिचा दोष म्हणजे खाली आधार नसल्याने वजन पडल्यावर तडकणं किंवा सुटणं. पत्रात या दोन गोष्टी एकमेकींना जोडू नका.

एक चौथा निकाल यादीत असायलाच हवा: 'तपासता आलं नाही'. थर भिंतीवर किती उंच चढवला, किती हात दिले, टाइल लावण्याआधी पाणी भरून पाहिलं का, हे आता टाइल्सच्या मागे गेलंय. तुमच्या सहकाऱ्यांनी या मुद्द्यांना बहुधा पूर्ण गुण दिले असतील, कारण 'काही चूक दिसली नाही'. तसं करू नका, शून्यही देऊ नका. स्पेसिफिकेशनमध्ये टाइलआधीच्या चाचणीची नोंद आणि फोटो द्यायचं बंधन असेल, तर ते न मिळणं हाच स्वतंत्र निष्कर्ष होतो. बंधन नसेल तर नोंदी मागा, पण मागणी म्हणून. दोष म्हणून नाही.

करारात नसलेल्या गोष्टींचंही तसंच. दाराजवळच्या कापलेल्या टाइल्स डोळ्यांना खुपतात, पण टाइलची मांडणी कुठून सुरू करायची हे ठरवलंच नव्हतं, तर तो निष्कर्ष नव्हे. हवं तर पत्राच्या शेवटी 'निरीक्षणे' म्हणून वेगळं लिहा, गुण आणि निर्णयाशी संबंध नाही असं नमूद करून. निष्कर्षांत एक जरी असा मुद्दा मिसळला तर कंत्राटदार उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

पत्र दोन पानांच्या आत ठेवा आणि यादी जोडपत्रात. पहिल्या परिच्छेदात निकाल, बाथरूमनिहाय. वाचणाऱ्याला तो शोधावा लागू नये. साधारण असं:

> विषय: बाथरूम क्र. १ ते १२, स्वीकृती तपासणीचे निष्कर्ष
>
> संदर्भ: कराराचे परिशिष्ट २ (स्पेसिफिकेशन) व परिशिष्ट ३ (तपासणी यादी), काम पूर्ण झाल्याचे आपले पत्र
>
> आपल्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत वरील कामाची तपासणी करण्यात आली. बाथरूम १, ३, ६, १० व १२ किरकोळ उणिवांच्या यादीसह स्वीकारण्यात येत आहेत. बाथरूम २, ४, ८ व ११ सोबतच्या यादीतील दुरुस्त्या पूर्ण होण्याच्या अटीवर स्वीकारण्यात येत आहेत. बाथरूम ५ व ७ स्वीकारण्यात आलेली नाहीत. बाथरूम ९ बाबतचा निर्णय संयुक्त पाहणीपर्यंत राखून ठेवला आहे.
>
> निष्कर्ष ७-०१. परिशिष्ट २, कलम ४.३. अपेक्षित: ४८ तास पाणी भरून ठेवल्यास गळती नसावी. आढळले: पातळी ९ मिमी उतरली, तुलनेच्या टबातील पातळी २ मिमी. प्लग ट्रॅपच्या सांध्याखाली. खालच्या छतावरील डाग ३०० × २०० मिमीवरून ४५० × ३०० मिमी झाला. पुरवठ्याच्या पाइपची दाबचाचणी त्याआधी समाधानकारक. फोटो ७-०१ अ ते ड.
>
> निष्कर्ष ७-०२. परिशिष्ट २, कलम ५.१. अपेक्षित: जाळीकडे किमान १:१०० उतार. आढळले: पूर्व भिंतीपासून जाळीपर्यंत १२०० मिमी अंतरात ६ मिमी, म्हणजे १:२००. मोजणी सरळ पट्टी व लेव्हलने. फोटो ७-०२ अ, ब.

प्रत्येक निष्कर्षात तेच पाच भाग: कलम, अपेक्षित, आढळलेलं, कसं मोजलं, पुरावा. ज्याने बाथरूम पाहिलेलं नाही अशा माणसाला नुसत्या नोंदीवरून त्याच जागी जाऊन तेच माप पुन्हा घेता आलं पाहिजे, ही माझी कसोटी. 'काही टाइल्स नीट बसलेल्या नाहीत' ही नोंद त्यात बसत नाही. 'बाथरूम ७, उत्तर भिंत, दाराकडून दुसरी उभी रांग, खालून तिसरी आणि चौथी टाइल, कडेत २.२ मिमी फरक' ही बसते. 'निष्काळजीपणे', 'हलक्या दर्जाचे' असले शब्द काढून टाका. ते मोजता येत नाहीत आणि समोरच्याला मूळ मुद्दा सोडून मानापमानाबद्दल लिहायला जागा देतात. निष्कर्षाचा क्रमांक एकदा दिला की शेवटपर्यंत तोच. दुरुस्त झालेला क्रमांक दुसऱ्या मुद्द्याला दिला की तिसऱ्या पत्रापर्यंत कोणालाच काही कळेनासं होतं.

दोन शब्द मात्र जपून वापरा: 'अटीवर स्वीकारले'. करारात अशी सोय आहे का ते पाहा. स्वीकृतीच्या तारखेपासून बहुधा दोषदुरुस्तीची मुदत सुरू होते, राखून ठेवलेल्या रकमेचा भाग मोकळा होतो, आणि तोडमोडीची जोखीम तुमच्याकडे येते. सोय नसेल तर त्या चार बाथरूमनाही 'स्वीकारलेले नाही' म्हणा. त्यात कडकपणा नाही, करार तसा आहे. आणि नाकारलेलं बाथरूम विद्यार्थ्यांना वापरायला देऊ नका. काही करारांत वापर सुरू होणं म्हणजेच स्वीकृती, आणि नसलं तरी 'वापरणाऱ्यांनी बिघडवलं' या उत्तराला तुमच्याकडे तोड उरत नाही.

यानंतरचा परिच्छेद दुरुस्तीचा, आणि इथे ग्राहक सगळ्यात जास्त घोटाळा करतात. 'बाथरूम ७ चे सांधे उकरून नवीन ग्राउट भरावे' असं लिहू नका. तुम्ही पद्धत सांगितली, त्याने ती तंतोतंत केली आणि गळती थांबली नाही, तर चूक कोणाची? साधं ग्राउट मुळात पाणी अडवण्यासाठी नसतं. ते थराचं काम. तुम्ही निकाल मागा: कलम ४.३ प्रमाणे गळती नसावी. पद्धत त्याने लिहून पाठवावी, काम सुरू करण्याआधी, आणि त्या पत्रात कोणती फरशी कुठपर्यंत काढणार, थर कापला गेल्यास जोड कसा देणार हे असावं. तुम्ही ती वाचून शंका विचारा, 'मंजूर' असा शिक्का मारू नका. 'प्राप्त, कलमांची पूर्तता करण्याची जबाबदारी आपली' एवढं पुरे. पद्धतीसाठी सात दिवस ही रास्त मुदत आहे. प्रत्यक्ष दुरुस्तीची मुदत करारात असते ती. नसेल तर थर आणि चिकटवण सुकायला लागणारा वेळ धरून त्याच्याकडूनच वेळापत्रक मागा. अवास्तव तारीख दिलीत तर ओला थर झाकला जाईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर याल.

पद्धत वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. बाथरूम ५ चा दोष फक्त उताराचा, गळतीचा नाही. पण उतार सुधारायला फरशी काढावी लागते, आणि फरशीखालीच थर आहे. छिन्नी चालली की चांगला असलेला थर फुटू शकतो. म्हणून ५ मध्ये पाणी भरायची चाचणी आधी पास झाली असली तरी ती नोंद पुन्हा उघडते. तेच पोकळ टाइल्स, कडा, ग्राउट आणि कोपऱ्यातल्या सीलंटचं. यादीत प्रत्येक निष्कर्षासमोर एक रकाना ठेवा: 'दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचे मुद्दे'. ७-०२ समोर त्यात पाचेक क्रमांक येतील. हा रकाना नसला की पुनर्तपासणीच्या दिवशी कंत्राटदार म्हणतो 'तुम्ही फक्त उतार लिहिला होता', आणि अक्षरशः पाहिलं तर त्याचं बरोबर असतं. नवीन थरावर टाइल लावण्याआधी पाणी भरून दाखवावं आणि त्या वेळी तुम्हाला बोलवावं, हेही पत्रात मागा. टाइल लागल्यावर दुसऱ्यांदा.

खालच्या छताबद्दल एक ओळ हमखास टाका: पुनर्तपासणीपर्यंत डागाच्या जागी पुट्टी किंवा रंग लावू नये. दुरुस्ती चांगली झाली तरी स्लॅब लगेच वाळत नाही, त्यामुळे 'छत कोरडं' ही कसोटी दुसऱ्या दिवशी लावता येत नाही. तोवर चाचणीदरम्यान डाग आखलेल्या रेषेबाहेर न जाणं आणि ओलावा मोजायच्या मीटरचं वाचन आठवड्यागणिक उतरत जाणं, यावर निर्णय घ्या. मीटरचा आकडा स्वतःपुरता फारसा बोलत नाही. त्याच जागी त्याच मीटरने घेतलेली वाचनं एकमेकांशी ताडायची, आणि शेजारच्या कोरड्या भागाचं वाचनही सोबत लिहायचं.

रकमेबद्दल पत्रात थोडक्यात लिहा. करारात दुरुस्तीच्या खर्चाइतकी किंवा ठरलेल्या टक्क्यांइतकी रक्कम थांबवायची तरतूद असेल तर कलम आणि बाथरूम क्रमांक सांगून थांबवा. एकूण गुणांच्या प्रमाणात, म्हणजे '१६ टक्के कमी म्हणून १६ टक्के कापले', असं कधीही करू नका. बाथरूम ७ ची गळती दुरुस्त करायचा खर्च आणि बाथरूम ३ च्या स्क्रूच्या टोपीचा खर्च यांचा त्या टक्क्याशी काही संबंध नाही. शिवाय गुणांनुसार कापून तुम्ही उरलेलं काम तसंच मान्य केलं, असा अर्थ काढायला वाव मिळतो.

जोडपत्राच्या शेवटी कंत्राटदारासाठी एक रिकामा रकाना ठेवा: मान्य, अमान्य, अमान्य असल्यास कारण व पुरावा. अमान्य नोंदींसाठी संयुक्त पुनर्मोजणी, तीच साधनं, दोघांच्या समोर. वाद बहुतेक वेळा अशा पाच-सहा नोंदींपुरता उरतो आणि बाकीच्या दुरुस्त्या त्यासाठी अडून राहत नाहीत. त्याच्या प्रतिनिधीची सही तपासणीच्या दिवशीच घ्या, पण सहीच्या वर शब्द असे ठेवा: 'तपासणीस उपस्थित होतो, मापे माझ्यासमोर घेतली'. 'निष्कर्ष मान्य' असं लिहिलंत तर तो साइटवरचा माणूस सही करणार नाही, त्याला तो अधिकारही नसतो. आणि मग मापं त्याच्यासमोर घेतली होती याचाही कागद तुमच्याकडे राहत नाही.